गच्चीवरचा दीड फूट

आमचं घर इंदूरच्या सुदामानगरात. वरच्या मजल्यावर बाबांची खोली आहे, बारा बाय चौदाची, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. म्हणजे तिची दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत बाहेरची आणि डोक्यावर थेट गच्ची. दोन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर इन्सुलेशन करून घेतलं. स्लॅबवर दोन इंच जाडीच्या एक्सपीएसच्या निळ्या शीट, त्यावर मसाला आणि वर पांढऱ्या टाइल्स. खर्च बराच झाला. मे महिना आला तसं खोलीत थोडा फरक पडल्याचं आम्ही सगळे म्हणालो. बाबा मात्र रात्री दहा वाजता पलंगावर आडवे झाले की म्हणायचे, "वरून शेकतंय गं." पंखा त्यांच्या डोक्यावरच होता आणि खिडक्या सताड उघड्या असायच्या. बाहेर माळव्याची गार रात्र पडलेली असायची आणि ते ऐंशीचे गृहस्थ उशी उचलून दिवाणखान्यात झोपायला यायचे. वयामुळे जास्त लागत असेल, असं मी मनाशी म्हणत राहिले. ते चुकीचं होतं, हे मला यंदा कळलं.

माझा भाचा पीथमपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. त्यांच्याकडे थर्मल कॅमेरा असतो. पॅनेलमधला एखादा सांधा ढिला झाला की तो तापतो आणि डोळ्यांना काही दिसायच्या आत कॅमेऱ्यात पांढरा चमकतो. एका रविवारी तो स्वतःचा छोटा कॅमेरा घेऊन आला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात खोचायचा. "मावशी, घराचं मी कधी केलं नाही, पॅनेलचंच केलंय," तो म्हणाला, "पण तू बघ. लागेल तितके दिवस ठेव."

मी आधी घरभर फिरले. पडद्यावर निळं, जांभळं, नारिंगी, पिवळं असं सगळं पेटल्यासारखं दिसत होतं. दर थोड्या वेळाने डब्यातून 'टक्' असा आवाज यायचा आणि चित्र क्षणभर गोठायचं. बिघडला असं वाटून मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, आतली झडप बंद होऊन तो स्वतःला जुळवून घेतो, घाबरू नकोस, आणि लावल्यावर पाच मिनिटं तरी तापू दे. मग मी खिडकीच्या काचेवर धरला, तर काचेपलीकडचा गुलमोहर दिसेचना. तिथे एक पिवळी बाई हातात काहीतरी धरून उभी होती. ती मीच होते. हा कॅमेरा ज्या किरणांवर चालतो त्यांना काच आरपार जाऊ देत नाही, उलट थोडी आरशासारखी परतवते. स्टीलची पाण्याची टाकी उन्हात हात लावता येणार नाही इतकी तापली होती, पण पडद्यावर ती थंडगार निळी होती, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि वरच्या आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. भाचा पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवतो आणि त्या तुकड्याचं तापमान वाचतो. मीही टाकीला टेप लावली, तर निळ्या टाकीवर पांढराशुभ्र चौकोन उमटला. त्या दिवसापासून मी चकचकीत काही दिसलं की आकड्यावर विश्वास ठेवणं सोडलं. प्लास्टर, वीट, डिस्टेंपर लावलेली भिंत, ग्लेझ नसलेल्या टाइल्स यांवर मात्र आकडा बऱ्यापैकी खरा येतो.

सोमवारी भर दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, मी गच्चीवर गेले. ही वेळ मुद्दाम निवडली. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला आहे, त्यामुळे मे महिन्यात या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि कठड्याची सावली गच्चीवर पडत नाही. सगळ्या टाइल्सना सारखंच ऊन मिळत असतं. मी जिन्याच्या खोलीच्या दारातून पहिलं चित्र घेतलं. मधला सगळा भाग पांढरा तापलेला होता आणि कठड्याच्या कडेकडेने एक नारिंगी पट्टी गेली होती, चौकट आखावी तशी. जवळ जाऊन, सरळ वरून खाली धरून आकडे घेतले, कारण तिरकं धरलं की टाइल आकाशाचं प्रतिबिंब दाखवते आणि आकडा खोटा कमी येतो. मध्ये ५७ अंश. कठड्याजवळ ५१.

मला जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. मधला भाग जास्त तापलाय, म्हणजे तिथलं काम वाईट झालंय. कडेला तापमान कमी, म्हणजे तिथे काम चांगलं झालंय. ज्याच्याकडून काम करून घेतलं त्या ठेकेदाराला फोन करून मी बरंच बोलले. तो म्हणाला, शीट सगळीकडे एकच टाकली आहे. मी त्याला फोटो पाठवला. त्याला त्यात काही समजलं नाही आणि खरं तर मलाही समजलेलं नव्हतं.

त्याच दिवशी रात्री नऊ वाजता बाबांच्या खोलीत उभी राहून मी कॅमेरा छताकडे धरला, आणि सगळं उलटं दिसलं. छताचा मधला भाग जांभळा, शांत. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला लागून एक रुंद पिवळी पट्टी, इंग्रजी 'एल' अक्षरासारखी. मध्ये ३४.५ अंश, पट्टीवर ३९. दुपारी वरून जी जागा थंड होती तीच आतून गरम होती. मी पलंगाकडे पाहिलं. बाबांची उशी बरोबर त्या 'एल'च्या कोपऱ्याखाली होती.

मी भाच्याला दोन्ही चित्रं पाठवली. त्याचा फोन यायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "मावशी, मधली टाइल तापली कारण तिच्या खालून उष्णतेला वाट नाही. शीट आडवी आहे ना. कडेची टाइल थंड आहे कारण ती आपली उष्णता खाली देऊन टाकतेय." हे वाक्य मी त्या रात्री कितीतरी वेळा मनात घोळवलं. तव्याखाली जाड पोळपाट ठेवला की तवा तापलेलाच राहतो, आणि तोच तवा ओल्या ओट्यावर ठेवला की लवकर निवतो, कारण ओटा त्याची धग पितो. आमच्या गच्चीचा कडेचा भाग दुपारभर धग पीत होता आणि रात्री ती बाबांच्या डोक्यावर ओतत होता. कॅमेरा फक्त पृष्ठभाग किती तापलाय तेवढंच दाखवतो. उष्णता कुठून कुठे चाललीय ते तो दाखवत नाही. ते वेळ बघून आपणच ओळखायचं असतं.

खात्री करायला रात्री अकराला पुन्हा गच्चीवर गेले. आमची समजूत खरी असेल तर आता वरूनही चित्र उलटायला हवं होतं, आणि ते उलटलं होतं. मधल्या टाइल्स २७ अंशांवर आल्या होत्या. कडेची पट्टी अजून ३२ वर होती, कारण खालचा स्लॅब साठवलेली उष्णता आता वरूनही सोडत होता. मी चपला काढल्या. मधून कठड्याकडे चालत गेले आणि नेमक्या त्या जागी तळव्यांना ऊब लागली. इतकी वर्षं मी रात्री या गच्चीवर अनवाणी फिरलेय, तो फरक कधी लक्षात आला नव्हता. कॅमेरा सहज आकाशाकडे धरला तर आकडा शून्याच्या खाली गेला. माळव्याच्या रात्री गार का असतात ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. कोरड्या, निरभ्र आकाशाकडे गच्ची आपली उष्णता फेकून देत असते. जिच्याखाली शीट आहे ती पातळ टाइल ती पटकन फेकून मोकळी होते, आणि जिच्याखाली सगळा स्लॅब जोडलेला आहे तिला ते मध्यरात्रीपर्यंत जमत नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी तिच्यात दोन दिवस घालवले. कॅमेऱ्याचे रंग आपोआप ठरतात. चित्रात जे सर्वांत थंड त्याला गडद निळा, सर्वांत गरम त्याला पांढरा. त्यामुळे एका अंशाचा फरक असलेली भिंतसुद्धा आग लागल्यासारखी दिसते. मंगळवारी मी देवघराची भिंत पाहून घाबरले होते. तिथला सगळा फरक ०.८ अंशाचा निघाला. नंतर मी अॅपमध्ये स्केल बांधून टाकलं, खोलीतल्या चित्रांसाठी ३० ते ४०. मग एका दिवसाचं चित्र दुसऱ्या दिवसाच्या चित्राशेजारी ठेवता येऊ लागलं. असे छोटे कॅमेरे खऱ्या तापमानात दोन-तीन अंशांनी चुकू शकतात, पण एकाच चित्रातल्या दोन जागांमधला फरक ते चांगला दाखवतात. म्हणून वहीत मी फरकच लिहायला लागले.

आणखी एक चूक मी करणार होते. न्हाणीघराच्या बाजूला छतावर ताटाएवढा एक डाग आजूबाजूपेक्षा तीन अंशांनी थंड दिसला. मला वाटलं, निदान इथे तरी शीट नीट बसली आहे. शिडीवर चढून तिथे टिश्यू पेपर दाबला तर तो ओला झाला. टाकीच्या पाइपमधून पाणी झिरपत होतं आणि सुकताना ती जागा माठासारखी गार होत होती. ओल कॅमेऱ्यात इन्सुलेशनसारखी दिसते. दोन्हींत फरक करायला हातच लागतो.

आता प्रश्न असा होता की कडेची पट्टी अशी का. टाइल्स फोडण्याआधी मला खात्री हवी होती. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने फोटो न बघताच सांगितलं, तिथे गोला असणार. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून पाणी शिरू नये म्हणून तिथे मसाल्याचा तिरपा गोलसर उतार करतात, त्याला इथे गोला म्हणतात. जुना गोला आणि त्याचं वॉटरप्रूफिंग तोडायला नको म्हणून शीट अलीकडेच थांबवली असेल, असं त्याचं म्हणणं. मी थर्मोकोलच्या दोन इंची शीट आणल्या आणि पश्चिमेच्या कडेला पट्टीवर सहा फूट लांबीत अंथरल्या. वर पांढरी ताडपत्री टाकली आणि विटांचा भार दिला. बाकीची पट्टी तशीच ठेवली. दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या रात्री नऊ वाजता, त्याच जागी उभं राहून, त्याच स्केलवर छताचं चित्र घेतलं. पिवळ्या 'एल'चा उभा पाय मध्येच तुटला होता. झाकलेल्या सहा फुटांत ३९ चे ३६.५ झाले होते, पलीकडे ३९ तसेच. बाबांना बोलावून पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं."

तरीही मला पटत नव्हतं की दीड फुटाची पट्टी इतकं बिघडवेल. म्हणून कागदावर हिशेब मांडला. खोलीचं छत १६८ चौरस फूट. दोन बाहेरच्या भिंतींना लागून दीड-दीड फूट धरलं तर पट्टीचं क्षेत्र सुमारे ३७ चौरस फूट, म्हणजे छताचा पाचवा हिस्सा. उरलेलं १३१. दोन इंची एक्सपीएस असलेल्या छतातून जितकी उष्णता जाते, त्याच्या साधारण सहापट उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून जाते. शीटखालच्या एका चौरस फुटाला एक भाग धरला तर मधल्या छतातून १३१ भाग आत येतात आणि पट्टीतून २२२. पाचव्या हिश्श्यातून जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता येत होती. एकूण ३५३. पट्टी बुजवली तर १६८, म्हणजे निम्म्याहून कमी.

हाच हिशेब आणखी एका अंगाने बघण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी एक मर्यादा आहे. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या आसपास, आमच्या शीटखालच्या भागाचा ०.५. पट्टी धरून सगळ्या छताची सरासरी काढली तर ती १.०५ येते. म्हणजे कागदावर आमचं छत पास आहे. पण माणूस सरासरीखाली झोपत नाही, एका जागी झोपतो. बाबांच्या उशीवरचा आकडा तीन होता.

पलंग आम्ही त्याच दिवशी खोलीच्या आतल्या भिंतीकडे सरकवला. हे आधीच करता आलं असतं, याचं मला वाईट वाटतं.

मिस्त्रीने कामाला हात घातला तेव्हा मी वर उभी होते. कठड्यापासूनची पहिली टाइल निघाली, खाली मसाला, त्याखाली विटांचे तुकडे. दुसरी टाइल काढली, तेच. तिसऱ्या टाइलखाली निळ्या शीटची कापलेली कड दिसली. मी टेप धरला, कठड्यापासून एक फूट पाच इंच. कॅमेऱ्याने दाखवलेली रेघ आणि शीटची कड यांत बोटभराचं अंतर होतं. मिस्त्रीने कॅमेरा मागून घेतला, स्वतः बाकीच्या पट्टीवरून फिरवला आणि खडूने कुठवर फोडायचं ते आखून घेतलं. टाकीच्या ओट्याखालीही शीट नव्हती. ती जागा आम्ही या वर्षी सोडली, कारण टाकी उतरवावी लागली असती.

त्याने विटांचे तुकडे काढून शीट कठड्याला भिडवली. शीटच्या सांध्यांवर टेप मारली. मग मी एक मागणी केली, ती त्याला नवी होती. शीट कठड्याच्या आतल्या अंगाने फूटभर वर चढवायची. कारण पूर्ण झाकल्यावरही थर्मोकोलच्या प्रयोगात भिंतीलगतची चार बोटं पिवळीच राहिली होती. कठडा दिवसभर तापतो, तो स्लॅबमध्येच रोवलेला असतो आणि त्याच्या पायातून उष्णता आत उतरते. वरून कितीही झाकलं तरी ही बाजूची वाट उघडी राहते. शीट वर चढवली, त्यावर जाळी आणि मसाला, मग नवा गोला आणि सगळ्यावर वॉटरप्रूफिंग. तीन दिवस पाणी साठवून पाहिलं. हे साठवणं टाळू नये असं मिस्त्रीने बजावलं होतं. शीटखाली एकदा पाणी शिरलं की ते उन्हाने सुकत नाही.

काम झाल्यावर आठव्या दिवशी, रात्री नऊला, त्याच जागी, त्याच स्केलवर चित्र घेतलं. मध्ये ३४, पट्टीच्या जागी ३५. अगदी कोपऱ्यात, जिथे दोन कठडे मिळतात, वीतभर पिवळं राहिलं आहे. खोलीतल्या हवेचं तापमान मी साध्या थर्मामीटरने रोज लिहीत होते. ते जेमतेम एका अंशाने उतरलं. पण छताची धग हवेतून लागत नाही, सरळ अंगावर येते, आणि बाबांनी दिवाणखान्यात यायचं थांबवलं आहे.

कॅमेरा परत देण्याआधी शेवटच्या रात्री मी पश्चिमेची भिंत पाहिली. साडेदहा वाजले होते. नऊ इंची विटांच्या भिंतीला दुपारचं ऊन आतवर आणायला सहा-सात तास लागतात, म्हणून ती या वेळी पाहायची असते, संध्याकाळी नाही. प्लास्टरखालचा सगळा सांगाडा उमटला होता. दोन कॉलम, वर बीम, खिडकीवरचा लिंटेल, विटांपेक्षा दीड अंशाने गरम, कारण काँक्रीट विटेपेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता वाहून नेतं. एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाभोवती एक पिवळा डाग होता. खिडक्या-दारं बंद करून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला तशी त्या डागातून भिंतीवर एक पिवळी जीभ पसरली, बाहेर भिंतीला चिकटलेली गरम हवा तिथून आत ओढली जात होती. ते भोक दुसऱ्या दिवशी पुट्टीने बुजवलं. कॉलमचं काय करायचं ते ठरलेलं नाही. बाबांचं म्हणणं, त्या भिंतीला बाहेरून मधुमालतीचा वेल चढवावा. भाच्याला मी सांगून ठेवलंय, पुढच्या मे महिन्यात कॅमेरा पुन्हा हवाय.